द्विपदावर प्रसामान्य वक्र बसवताना: अर्धा कुठे मिळवायचा, कुठे वजा करायचा आणि कधी हा नाद सोडायचा

प्रश्नात ‘६५ पेक्षा कमी’ असं लिहिलेलं असतं आणि उत्तरपत्रिकेत ६५.५ येतं. आकडेमोड बरोबर, सारणी नीट वाचलेली, उत्तर मात्र चुकलेलं. दुसरीकडे काहीजण अर्ध्याची ही सातत्य दुरुस्ती अचूक करतात, पण जिथे प्रसामान्य वक्र मुळात बसतच नाही तिथे करतात आणि चार दशांश स्थळांपर्यंतचं उत्तर निर्धास्तपणे लिहून मोकळे होतात. पहिली चूक भाषेची आहे, दुसरी घाईची. या लेखात दोन्हींचा बंदोबस्त करू.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो, सोयाबीनच्या उगवण चाचणीचं. खरिपाआधी घरचं बियाणं तपासायला ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडतात, गुंडाळी करतात आणि काही दिवसांनी किती दाणे उगवले ते मोजतात. सोयाबीनसाठी किमान उगवणक्षमता ७० टक्के धरली जाते. प्रश्न असा: लॉटची खरी उगवण नेमकी ७० टक्के असेल, तर १०० दाण्यांच्या चाचणीत ६५ पेक्षा कमी दाणे उगवण्याची शक्यता किती? म्हणजेच, चांगला लॉट निव्वळ योगायोगाने वाईट दिसण्याची शक्यता किती?

## टप्पा १: मांडणी खरंच द्विपद आहे का?

सूत्राला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या. दाण्यांची संख्या n आधीच ठरलेली हवी. प्रत्येक दाण्याची उगवण्याची शक्यता p सारखीच हवी. आणि एका दाण्याच्या नशिबाचा शेजारच्या दाण्यावर परिणाम होता कामा नये.

यातली तिसरी अट गोणपाटावर खरोखर मोडते. दाणे एकमेकांना चिकटून ठेवले तर एका सडक्या दाण्याची बुरशी शेजारच्यांवर चढते आणि दाणे एकेकटे न मरता घोळक्याने मरतात. तेव्हा निकालातला चढउतार द्विपद सूत्र सांगतं त्यापेक्षा मोठा असतो. हा दोष कुठलीही सातत्य दुरुस्ती भरून काढत नाही. त्यासाठी दाण्यांमध्ये अंतर ठेवावं लागतं.

दाणे परत न ठेवता उचलतो, मग p बदलत नाही का? बदलतो, पण नगण्य. सोयाबीनचे १०० दाणे साधारण १२ ग्रॅम भरतात, म्हणजे ३० किलोच्या पिशवीत अडीच लाखांच्या आसपास दाणे असतात. त्यातले शंभर गेले तरी पिशवीला पत्ता लागत नाही. नमुना लॉटच्या दहाव्या भागाहून मोठा असेल, तर मात्र द्विपद सोडून अतिगुणोत्तरी वितरणाकडे वळा.

> तपासा: p कुठून आला? इथे तो गृहीतकातून आलाय, ‘खरी उगवण ७० टक्के असेल तर’. चाचणीत ६४ उगवले म्हणून p = ०.६४ धरून बसलात, तर तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर काढताय.

## टप्पा २: मध्य आणि प्रमाण विचलन

```
n = 100,  p = 0.7,  q = 0.3
np  = 70
npq = 21
प्रमाण विचलन = √21 = 4.5826
```

इथे एकच खड्डा आहे, पण त्यात पडणारे पुष्कळ. २१ हे प्रचरण आहे, प्रमाण विचलन नव्हे. वर्गमूळ विसरून २१ ने भागलं तर पुढे उत्तर जवळजवळ ०.४० येतं. ते ‘शक्यता’ म्हणून दिसायला अगदी साजरं असल्यामुळे संशयही येत नाही. म्हणून सवय लावा: मध्यापासून दोन्ही बाजूंना दोन-दोन प्रमाण विचलनं मोजा. ७० च्या भोवती साधारण ६१ ते ७९ मिळतात. शंभर दाण्यांच्या चाचणीत इतका फरक पडणं पटतं. २१ धरून २८ ते ११२ आले असते, आणि शंभर दाण्यांतून ११२ उगवत नाहीत.

मध्य नेहमी पूर्णांक येईल असं नाही. ७२.५ आला तर ७२.५ च ठेवा, त्याला ७३ करू नका. अर्ध्याचा खेळ सीमेशी करायचा असतो, मध्याशी नाही.

## टप्पा ३: आधी मराठी वाक्य, मग पूर्णांक

सगळ्यात जास्त गुण याच टप्प्यावर जातात आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. प्रश्नातलं वाक्य वाचून थेट ०.५ कडे धाव घेऊ नका. मध्ये एक पायरी लिहायचीच: कोणकोणते पूर्णांक आत आहेत?

‘६५ पेक्षा कमी’ म्हणजे ६४, ६३, ६२ असं खाली खाली. ६५ बाहेर. म्हणून X ≤ ६४.

मराठीत हे शब्द फसवे आहेत. ‘किमान’, ‘निदान’, ‘कमीत कमी’ यांत तो आकडा आत असतो. ‘पेक्षा जास्त’, ‘हून अधिक’ यांत तो बाहेर. ‘६५ पर्यंत’ म्हटलं की आपण ६५ धरतो. ‘६५ च्या आत’ म्हटलं तर बहुतेक लोक धरत नाहीत, पण सगळे नाहीत. ‘६५ ते ७५ च्या दरम्यान’ तर दोन्हीकडून संदिग्ध. असं वाक्य आलं तर तुम्ही काय अर्थ घेतला ते उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा: ‘६५ आणि ७५ दोन्ही धरले आहेत.’ प्रश्न काढणाऱ्याने संदिग्ध लिहिलं, त्याची किंमत तुम्ही का मोजावी?

| वाक्य | आतले पूर्णांक | वक्रावरची सीमा |
|---|---|---|
| ६५ पेक्षा कमी | …, ६३, ६४ | ६४.५ च्या डावीकडे |
| जास्तीत जास्त ६५ | …, ६४, ६५ | ६५.५ च्या डावीकडे |
| किमान ६५ | ६५, ६६, … | ६४.५ च्या उजवीकडे |
| ६५ पेक्षा जास्त | ६६, ६७, … | ६५.५ च्या उजवीकडे |
| ६५ ते ७५, दोन्ही धरून | ६५ … ७५ | ६४.५ ते ७५.५ |
| नेमके ७० | ७० | ६९.५ ते ७०.५ |

पहिली आणि तिसरी ओळ पाहा. सीमा एकच, ६४.५. तसंच असायला हवं, कारण ‘६५ पेक्षा कमी’ आणि ‘किमान ६५’ मिळून सगळ्या शक्यता संपतात. मध्ये फटही नको आणि एकमेकांवर चढलेला तुकडाही नको. तुमच्या दोन सीमा वेगळ्या आल्या तर कुठेतरी एक पूर्णांक हरवलाय किंवा दोनदा मोजला गेलाय.

## टप्पा ४: अर्धा

हा तक्ता पाठ करायची गरज नाही. मनात स्तंभालेख आणा. द्विपदात ६४ हा नुसता बिंदू आहे, पण आलेखात त्याचा स्तंभ ६३.५ ते ६४.५ इतका रुंद असतो. आपल्याला ६४ चा स्तंभ पूर्ण हवा आहे, म्हणून वक्राखालचं क्षेत्रफळ ६४.५ पर्यंत घ्यायचं. ६४ वर थांबलो तर तो स्तंभ मधोमध चिरला जातो आणि त्याचा अर्धा भाग वाया जातो. सातत्य दुरुस्ती म्हणजे एवढंच.

त्यामुळे ‘नेहमी ०.५ मिळवायचा’ हा नियम खोटा आहे. आत घेतलेल्या शेवटच्या स्तंभाच्या बाहेरच्या कडेपर्यंत जायचं. वरची सीमा असेल तर कडा अर्ध्याने पुढे, खालची असेल तर अर्ध्याने मागे. ६५ ते ७५ साठी दोन्हीकडे ०.५ मिळवून ६५.५ ते ७५.५ केलं, तर ६५ चा अख्खा स्तंभ बाहेर राहतो. त्याची एकट्याची शक्यता ०.०४६८ आहे, म्हणजे उत्तर जवळपास पाच टक्क्यांनी कमी भरतं.

> सावधान: अर्धा हा दाण्यांच्या मोजमापात असतो. तो z काढण्याआधी लावायचा, z मध्ये नंतर मिळवायचा नाही. आणि प्रमाणात काम करत असाल (०.६५, ०.७० वगैरे), तर तोच अर्धा ०.५/n होतो. १०० दाण्यांसाठी ०.००५. प्रमाणाला थेट ०.५ मिळवणारे दर वर्षी भेटतात, आणि ०.६४ + ०.५ = १.१४ ही शंभर टक्क्यांच्या वरची उगवण पाहूनही थांबत नाहीत.

## टप्पा ५: z आणि सारणी

```
z = (64.5 − 70) / 4.5826 = −1.2002
Φ(−1.2002) = 0.1150
```

उत्तर साधारण ११.५ टक्के. ७० टक्क्यांचा चांगला लॉटसुद्धा दर नऊ चाचण्यांत साधारण एकदा ६५ च्या खाली दिसेल. त्यामुळे एका गोणपाटावर ६४ दिसले म्हणून लगेच बियाणं फेकायला निघू नये.

सारणी वाचण्याआधी उत्तर अर्ध्यापेक्षा कमी यायला हवं की जास्त, हे ठरवून टाका. सीमा ६४.५ आहे, ७० च्या डावीकडे, आणि आपल्याला तिच्याही डावीकडचा भाग हवाय. म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी. ०.८८५० आलं तर उजवीकडचा भाग वाचला गेलाय. काही सारण्या मध्यापासूनचं क्षेत्रफळ देतात (१.२० समोर ०.३८४९), तेव्हा ते ०.५ मधून वजा करावं लागतं. सारणीच्या माथ्यावर छोटं चित्र असतं, ते बघून घ्या.

## टप्पा ६: खऱ्या उत्तराशी ताडून पाहा

संगणक हाताशी असेल तर एकदा तरी हे करून बघा, दुरुस्तीवर विश्वास बसतो. R मध्ये:

```r
pbinom(64, 100, 0.7)         # 0.1161  नेमकं
pnorm(64.5, 70, sqrt(21))    # 0.1150  दुरुस्तीसह
pnorm(64, 70, sqrt(21))      # 0.0952  दुरुस्तीविना
```

एक्सेलमध्ये:

```
=BINOM.DIST(64,100,0.7,TRUE)
=NORM.DIST(64.5,70,SQRT(21),TRUE)
```

`pbinom` आणि `BINOM.DIST` यांना पूर्णांक द्यायचा, ६४. अर्धा फक्त प्रसामान्य सूत्राला. नेमक्या सूत्रातच ६४.५ घालणारे असतात, आणि सॉफ्टवेअर गुपचूप ६४ धरत असल्यामुळे त्यांना आपली चूक कळतही नाही.

दुरुस्तीसह चूक ०.००११, दुरुस्तीविना ०.०२०९. जवळजवळ वीस पट. मधल्या पट्ट्यात हा फरक आणखी ठळक होतो: ६५ ते ७५ (दोन्ही धरून) नेमकी शक्यता ०.७७०३, दुरुस्तीसह ०.७६९९, आणि दुरुस्तीविना ०.७२४८. ‘नेमके ७०’ विचारलं तर दुरुस्तीविना उत्तर सरळ शून्य येतं, कारण वक्रावर एका बिंदूला क्षेत्रफळ नसतं. दुरुस्तीसह ०.०८६९ मिळतं, नेमकं ०.०८६८ आहे.

n फार मोठा झाला की दुरुस्तीचा प्रभाव ओसरतो. अर्धा दाणा z मध्ये ०.५ भागिले प्रमाण विचलन इतकाच सरकवतो. प्रमाण विचलन ४.५८ असताना तो ०.११ आहे, ५० असताना ०.०१. तरी दुरुस्ती करावीच, तिला खर्च काहीच नाही.

## टप्पा ७: वक्रावर कधी विश्वास ठेवू नये

आतापर्यंतचं सगळं गोड जमलं, कारण p = ०.७ आणि n = १०० ला द्विपद जवळपास सममित असतं. आता दुसरा लॉट घ्या, खरी उगवण ९५ टक्के. न उगवलेले दाणे मोजू: n = १००, p = ०.०५, मध्य ५, प्रमाण विचलन √४.७५ = २.१७९.

पाठ्यपुस्तकी नियम काय सांगतो? np आणि nq दोन्ही किमान ५. इथे ५ आणि ९५. उत्तीर्ण. (आणि ‘n तीसच्या वर आहे ना, मग चालतं’ हा जो नियम तोंडोतोंडी फिरतो, तो द्विपदासाठी निरुपयोगी आहे. p न पाहता नुसता n काहीच सांगत नाही.)

आता दोन प्रश्न विचारू. एकही दाणा वाया न जाण्याची शक्यता किती? आणि किमान १० वाया जाण्याची किती? दुरुस्तीनंतर पहिल्याची सीमा ०.५, दुसऱ्याची ९.५. दोन्ही मध्यापासून ४.५ अंतरावर, म्हणून सममित वक्र दोघांना एकच उत्तर देतो: ०.०१९५.

नेमकी उत्तरं: एकही नाही, ०.००५९. किमान दहा, ०.०२८२.

दुसरी शक्यता पहिलीच्या पावणेपाच पट आहे आणि वक्राला त्या सारख्याच दिसतात. डाव्या टोकाला तो तिपटीहून जास्त सांगतो, उजव्या टोकाला कमी. आणखी उजवीकडे गेलात तर तफावत वाढते: किमान १२ दाणे वाया जाण्याची नेमकी शक्यता ०.००४३ आणि वक्राची ०.००१४. लॉट नाकारण्याची मर्यादा या टोकावर ठरवणार असाल, तर चांगला लॉट नाकारला जाण्याचा धोका तुम्ही एक तृतीयांश समजून बसाल.

मध्यभागी मात्र फारसं बिघडलेलं नाही. जास्तीत जास्त ७ वाया जाण्याची नेमकी शक्यता ०.८७२०, वक्राची ०.८७४३. म्हणून ‘चालतं की नाही’ हे फक्त n आणि p वर ठरत नाही, तुम्ही वक्राच्या कोणत्या भागात उभे आहात यावरही ठरतं.

मी स्वतः तीन गोष्टी पाहतो, याच क्रमाने.

१. तीन प्रमाण विचलनांची मोकळीक. मध्यापासून दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनं गेल्यावर ० आणि n च्या आत राहतो का? ५ − ३ × २.१७९ = −१.५४. राहत नाही. वक्राची डावी शेपटी ‘उणे दाण्यां’मध्ये शिरली. ७० टक्क्यांच्या लॉटला ५६.३ ते ८३.७, आरामात आत.

२. विषमता. (q − p) / √(npq) काढा आणि चिन्ह सोडून द्या. ०.३ च्या आत असेल तर साधारण निर्धास्त. ७० टक्क्यांना ०.०९ येते, ९५ टक्क्यांच्या लॉटला ०.४१. np ≥ ५ ने पास केलेलं उदाहरण इथे नापास झालं.

३. z किती दूर आहे. पहिल्या दोन चाचण्या पास झाल्या तरी z तीनच्या पलीकडे गेला की वक्राला विचारू नका. अगदी सममित p = ०.५, n = १०० घेतलं तरी ७० किंवा अधिक येण्याची नेमकी शक्यता ०.००००३९ आहे आणि दुरुस्त वक्र (z = ३.९) ०.००००४८ सांगतो. फरक आकड्यात इवलासा, प्रमाणात वीस टक्क्यांहून मोठा.

> सावधान: वरच्या ‘एकही नाही’ या प्रश्नात दुरुस्ती न करता ०.०१०९ येतं आणि ते ०.०१९५ पेक्षा खऱ्याच्या जवळ आहे. यावरून ‘टोकाला दुरुस्ती करू नये’ असा नियम काढू नका. तिथे वक्राची चूक एका दिशेला आणि चिरलेल्या स्तंभाची दुसऱ्या दिशेला होती, दोन्ही थोड्या कटल्या. उजव्या टोकाला दुरुस्ती सोडलीत तर दोन्ही चुका एकाच दिशेने साचतात: किमान १२ साठी ०.००४३ च्या जागी ०.०००७.

## टप्पा ८: मग काय वापरायचं?

संगणक असेल तर नेमकं द्विपद, प्रश्नच मिटला. n हजारांत असला तरी `pbinom` ला क्षणभर लागतो.

हाताने सोडवायचं असेल आणि टोक शून्याजवळ असेल, तर नेमकी बेरीज वाटते तेवढी लांब नसते. ‘एकही नाही’ म्हणजे फक्त ०.९५ चा १०० वा घात.

p लहान आणि n मोठा असेल तर पॉइसाँ घ्या. ९८ टक्के उगवणीचा लॉट घेऊ, वाया जाणाऱ्या दाण्यांचा मध्य २. किमान ६ वाया जाण्याची नेमकी शक्यता ०.०१५५. पॉइसाँ ०.०१६६ सांगतो. दुरुस्त प्रसामान्य वक्र ०.००६२ सांगतो आणि वर ३.७ टक्के क्षेत्रफळ −०.५ च्या डावीकडे, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या दाण्यांवर उधळतो. पॉइसाँला सातत्य दुरुस्ती लावायची नाही, तो मुळातच पूर्णांकांवर चालतो. आणि p एकाजवळ असेल तर आपण केलं तसं उलट मोजा: उगवलेले सोडून न उगवलेले.

तिसरा मार्ग चाचणीच मोठी करण्याचा. बीज प्रयोगशाळेत चाचणी ४०० दाण्यांची घेतात, शंभर-शंभरच्या चार संचांत. ७० टक्क्यांच्या लॉटला मध्य २८०, प्रमाण विचलन √८४ = ९.१६५. ‘६५ टक्क्यांपेक्षा कमी’ म्हणजे २६० पेक्षा कमी, म्हणजे X ≤ २५९, म्हणून सीमा २५९.५. z = −२.२४, शक्यता सुमारे १.३ टक्के. शंभर दाण्यांवर हीच शक्यता साडेअकरा टक्के होती. विषमता इथे ०.०४, z तीनच्या आत, मोकळीक भरपूर. हा आकडा खुशाल लिहा.